काचेला चिकटलेलं दुकान

सांगलीच्या गावभागातल्या एका घरातून दोन नाती माझ्याकडे एक फ्रेम घेऊन आल्या. फ्रेममध्ये त्यांच्या आजोबांचं शिलाईचं दुकान होतं. साधारण पाच इंच लांब आणि तेवढाच रुंद, काळा-पांढरा फोटो, १९६६च्या आसपासचा. पायमशीनवर बसलेले आजोबा, डावीकडे कटिंगचं टेबल, वर अर्धी कापली गेलेली पाटी आणि मागे काळोख. ऑगस्ट २०१९च्या महापुरात ही फ्रेम भिंतीसकट पाण्याखाली गेली होती. पूर ओसरल्यावर ती पुसून, उन्हात वाळवून परत टांगली होती. आता घर रंगवायला काढलं, तेव्हा फ्रेम उतरवली आणि लक्षात आलं की फोटो काचेला चिकटलाय.

"ताई, काच काढून फोटो वेगळा करून द्याल का? आणि मग त्याचं चित्र काढून हवंय. आम्हा चौघा भावंडांना एकेक," थोरली म्हणाली.

मी पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी रेखाचित्रं काढते. फोटोवरून चित्र काढून देण्याची विचारणा माझ्याकडे वरचेवर होते आणि बहुतेकांची समजूत अशी असते की फोटो खाली ठेवायचा, वर कागद ठेवायचा आणि गिरवायचं. या एका फोटोनं मला चार महिने धरून ठेवलं. ते चार महिने कशात गेले, ते सांगते.

पहिलं काम होतं काही न करण्याचं. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीचे बारीक कण असतात. फोटो दिसतो तो त्या कणांमुळे. जिलेटिन ओलं झालं की फुगतं, मऊ होतं आणि वाळताना ज्याला टेकलेलं असेल त्याला धरून बसतं. या फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यात काहीच अंतर ठेवलेलं नव्हतं, म्हणून पुराचं पाणी उतरल्यावर फोटो काचेवरच वाळला. कुठं चिकटलाय ते तिरक्या उजेडात कळतं. चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो, मोकळा भाग किंचित फिकट आणि मंद. इथे आजोबांचा चेहरा, छाती आणि मशीनचा वरचा भाग, असा तळहाताएवढा तुकडा गडद दिसत होता. काच ओढली असती तर कागद हातात आला असता आणि आजोबा काचेवर राहिले असते.

असा फोटो सोडवणारे जाणकार असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे. पण फोटो नीट सुटेलच याची हमी तिथलं माणूसही देत नाही. मी नातींना म्हटलं, की काच आता त्या फोटोचाच भाग समजा. मागचा सडका पुठ्ठा तेवढा काढू, नवा घालू आणि काचेसकट जपू.

मग प्रत घ्यायची. इथं एक साधी चूक नेहमी होते. हल्लीच्या पातळ, स्वस्त स्कॅनरना अगदी टेकलेलाच कागद स्पष्ट दिसतो. मधे दोन मिलिमीटरची काच आली की चित्र धूसर येतं आणि माणसाला वाटतं फोटोच धूसर आहे. आतमध्ये आरसे आणि भिंग असलेल्या जाड स्कॅनरला काही मिलिमीटर खोलवरचंही नीट दिसतं. तसा एक मला एका छापखान्यात मिळाला. प्रत ६०० डीपीआयवर घेतली, म्हणजे पाच इंचात तीन हजार ठिपके. १२०० वरही घेऊन पाहिली, पण फोटोत जास्त काही सापडलं नाही, फक्त कागदाचे तंतू आणि धूळ मोठी झाली. तोच फोटो दोन बाजूंनी दोन दिवे तिरके ठेवून कॅमेऱ्यानंही टिपला, कारण स्कॅनरचा उजेड एकाच कोनातून येतो आणि काही गोष्टी दुसऱ्या कोनातूनच दिसतात. त्या काय, ते पुढं येईलच.

नातींकडे आणखी एक प्रत होती. पुरानंतर एका दुकानात फोटो 'साफ' करून, मोठा करून आणलेला. तो स्वच्छ होता. डाग नव्हते, भिंत गुळगुळीत, मागचा काळोख एकसारखा काळा, आजोबांचे गाल नितळ. धाकटी म्हणाली, याच्यावरूनच काढा, हा जास्त स्पष्ट आहे. मी तो कपाटात ठेवून दिला. साफ करणाऱ्याला डाग कोणता आणि वस्तू कोणती हे ठरवावं लागतं, आणि तो ज्या दुकानात कधी गेला नाही त्याबद्दल ठरवतो. मलाही तेच ठरवायचं होतं, पण मला विचारायला माणसं होती.

माणसं म्हणजे मुख्यतः आजी. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आजी दिवाणावर बसून असतात, ऐकू थोडं कमी येतं, पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून नजर चांगली आहे. त्यांनी सांगितलं की फोटो समोरच्या पेढीवाल्याच्या मुलानं काढला. त्यानं नवा क्लिक थ्री कॅमेरा घेतला होता आणि तो पेठेत दिसेल त्याचा फोटो काढत सुटला होता.

माझ्या वयाच्या पुढच्यांना आगफा क्लिक थ्री आठवत असेल. बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज तो भारतात बनवायची. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत. फोकस करायची सोय नाही, शटरचा वेग एकच, ऊन आहे की ढग एवढंच कॅमेऱ्याला सांगायचं. कॅमेरा कळला की फोटो वाचता येतो. वेग एकच म्हणजे जे हलत होतं ते फरफटणार. उजेड रस्त्याच्या बाजूनं येत होता, म्हणजे उंबऱ्याच्या आतलं सगळं काळोखात जाणार. आणि फोटोत नेमकं तसंच होतं. आजोबांचा उजवा हात पुसटलेला होता, मशीनचं चाक म्हणजे एक राखाडी गोळा, आणि आत काळोख.

पुसटलेला हात चित्रात कसा काढायचा? फोटोत तो पुसट असला तरी चालतो, बघणारा समजून घेतो. शाईची रेघ मात्र पुसट होत नाही. हाताची बोटं कुठं होती ते मला ठरवावं लागणार. मी आमच्या गल्लीतल्या मास्तरांकडे जाऊन बसले. त्यांच्याकडे अजून पायमशीन आहे, लोखंडी जाळीच्या पायांचं. त्यांना फोटो दाखवला तर त्यांनी एका दमात सांगितलं, "हे शिवत नाहीयेत. हे मशीन सुरू करतायत."

पायमशीन नुसत्या पायानं सुरू होत नाही. उजव्या हातानं वरचं चाक आपल्याकडे थोडं ओढायचं, त्याला गती मिळाली की पाय पट्टी पकडतो आणि मग हात मोकळा होऊन कापडावर येतो. चाक उलटं फिरलं तर दोरा गुंततो, तुटतो. म्हणून नवीन पोराला आधी आठवडाभर नुसतं चाक सुरू करायला बसवत, कापड न लावता. फोटोतला हात चाकावर होता आणि पुसटपणाची दिशा वरून खाली, अंगाकडे. डावा हात मात्र कापडावर अगदी स्पष्ट, कारण तो स्थिर होता. म्हणजे पेढीवाल्याच्या मुलानं बटण दाबलं तो क्षण नव्या शिवणीचा पहिला क्षण होता.

हे कळल्यावर रेघा आपोआप ठरल्या. तळवा चाकाच्या कडेवर, मनगट किंचित वाकलेलं, कोपर अंगापासून सुटलेलं. चाकाच्या आऱ्या काढल्या नाहीत, दोन तुटक वर्तुळं काढली. एक गोष्ट इथं सांगून ठेवते, कारण छापलेल्या चित्रांमध्ये ती मी अनेकदा चुकलेली पाहिलीय. चाक शिवणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं. शिंपी आपल्याकडे तोंड करून बसला असेल तर चित्रात ते आपल्या डावीकडे येतं. मनानं काढणारा हमखास उजवीकडे काढतो.

मी स्वतः चुकले ती कात्रीत. टेबलावर कात्री पडलेली होती, फोटोत तिची लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. मी कच्च्या चित्रात कात्री काढली आणि आजींना दाखवायला नेली. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ धरलं, दूर धरलं आणि म्हणाल्या, "ही कागदाची कात्री आहे गं. ह्यांची अशी नव्हती." मग दिवाणाखालची ट्रंक उघडायला लावली. त्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, दहा इंची कात्री होती. वजनाला चांगली जड. तिच्या मुठी पात्याच्या रेषेत नसतात, वर उचललेल्या, वाकड्या असतात. खालची मूठ मोठी, तीन-चार बोटं जातील अशी, वरची अंगठ्यापुरती. असं का ते टेबलावर ठेवल्यावर लगेच दिसलं. खालचं पातं टेबलावर सपाट टेकतं, त्यामुळे कापताना कापड वर उचललं जात नाही आणि खडूची रेघ हलत नाही. मी काढलेल्या सरळ मुठींच्या कात्रीनं कापलं असतं तर कापड प्रत्येक वेळी बोटभर उचललं गेलं असतं. त्या मोठ्या मुठीला सुताची पट्टी गुंडाळलेली होती, घामानं काळी झालेली. फोटोत ती दिसत नाही. मी ती काढली. फोटोत नसलेली एवढीच एक गोष्ट मी माझ्या जबाबदारीवर चित्रात आणली, कारण ती माझ्या हातात होती.

आता काळोखाचं. फोटोच्या मागच्या भागात, आजोबांच्या डाव्या खांद्यामागे, काळ्यात एक फिकट डाग होता. साफ केलेल्या प्रतीत तो पूर्ण काळा करून टाकलेला. मलाही आधी तो पुराचा डाग वाटला. शिवाय जुन्या फोटोंच्या गडद भागावर कधी कधी निळसर, आरशासारखी चमक येते, चांदी हळूहळू पृष्ठभागावर येऊन बसते म्हणून. तीही होती. स्कॅनमध्ये ती चमक धुक्यासारखी आली. पण तिरक्या दिव्यांच्या फोटोत ती चमक जवळजवळ गेली आणि डाग मात्र राहिला. पाण्याच्या डागाला कडेला गडद रेघ असते, पाणी जिथपर्यंत पसरून वाळलं तिथं घाण साचते तशी. याला तशी कड नव्हती. मी संगणकावर फक्त काळ्या भागाचा उजेड वाढवला, बाकी काही केलं नाही. डागाला खांदे आले. सदऱ्याचा पांढरा त्रिकोण, वर डोक्याचा गोल, खाली वाकलेलं. एक मुलगा बसलेला होता, भिंतीला टेकून.

नातींना माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांनाही नाही. ते म्हणाले, कुणी गिऱ्हाईक असेल. मी आजींसमोर मोठी केलेली प्रत धरली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ. काजं करायला यायचा शाळा सुटल्यावर." पुढे थांबून, "इतकी वर्षं भिंतीवर होता की."

पन्नास वर्षांहून जास्त काळ तो मुलगा त्या फ्रेममध्ये होता आणि कुणाला दिसला नव्हता. मला त्या दिवशी घरी परत येताना सारखं साफ केलेल्या प्रतीचं वाटत राहिलं. मी तिच्यावरून चित्र काढलं असतं, ते चौघांच्या घरी लागलं असतं आणि मूळ फोटो हळूहळू कपाटात गेला असता.

त्याला चित्रात कसा घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. फोटोत नाक-डोळे नाहीत. काढले तर खोटे. मी तिथं काळोख रेघांनीच केला, बारीक तिरप्या रेघा, त्यावर उलट्या तिरप्या आणि त्या रेघांमध्ये त्याच्या सदऱ्याची आणि कपाळाची जागा कोरी सोडली. शाईच्या चित्रात उजेड काढता येत नाही, तो राखावा लागतो. मारिओ मिरांडांची गोव्याची चित्रं पाहा. दाट रेघांच्या गर्दीत ते माणसाचा सदरा किंवा खिडकीचा चौकोन कोरा सोडतात आणि नजर तिथंच जाते. मुलगा कागदाच्या पांढऱ्यातूनच आला. बसलेला, मान खाली, हात मांडीवर. हातांचं मला फोटोत काही दिसत नव्हतं, फक्त चेहऱ्याजवळ एक छोटा फिकट ठिपका होता. तो मी सोडून दिला.

मोठं करण्याची पद्धत मी जुनीच वापरते, चौकटींची. पाच इंची फोटोच्या प्रतीवर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या रेघा आखल्या की आडव्या दहा, उभ्या दहा चौकटी होतात. कागदावर तशाच शंभर चौकटी सव्वा इंचाच्या आखल्या की साडेबारा इंचाचं चित्र होतं, म्हणजे अडीच पट. मग एकेक चौकट पाहून पेन्सिलनं उतरवायची. गिरवण्यापेक्षा याला वेळ लागतो, पण गिरवताना हात चालतो आणि डोळा झोपतो. चौकटीत प्रत्येक वेळी पाहावं लागतं की ही रेघ चौकटीच्या कडेला कुठं छेदते. पाटी फोटोत थोडी मागे कललेली होती, कारण मुलानं कॅमेरा वर करून धरला होता. पाच इंचात ते खपतं, साडेबारा इंचात पाटी पडतेय असं वाटतं. ती थोडी सरळ केली. पूर्ण सरळ नाही केली, नाहीतर रस्त्यावरून वर बघितल्याचा भाव गेला असता. पाटीवरची कापली गेलेली अक्षरं जुन्या बिलबुकावरून जुळत होती, तरी मी ती पूर्ण केली नाहीत.

चेहऱ्याला सगळ्यात कमी रेघा. फोटोत तो जेमतेम एक सेंटिमीटर, माझ्या चित्रात अडीच. अडीच सेंटिमीटरच्या चेहऱ्यात एक रेघ जास्त झाली की माणूस दहा वर्षांनी म्हातारा होतो. घरात आजोबांचे नंतरचे पुष्कळ फोटो होते, स्पष्ट आणि जवळून काढलेले, आणि त्यांतून नाक-डोळे आणण्याचा मोह मला झाला. पण ते साठीचे होते आणि दुकानात बसलेला माणूस पस्तिशीचा. चष्म्याची वरची कड, मिशीची सावली, कानामागे अडकवलेला खडू, हनुवटीची एक रेघ. एवढ्यावर थांबले. ओळखीची परीक्षा मी जवळून घेत नाही. चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि आजींना विचारलं कोण आहे. त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

रंगाचा वाद सगळ्यात जास्त दिवस चालला. नातींना चित्रात थोडा रंग हवा होता, निदान दाराला. दुकानाला तेव्हा फळ्यांचं दार होतं. सकाळी एकेक फळी काढून बाजूला लावायची, रात्री आकड्यांच्या क्रमानं परत खाचेत बसवायची. फोटोत काढून ठेवलेल्या फळ्या डावीकडे दिसतात, फिकट राखाडी. आजी म्हणाल्या, मोरपंखी. मुलगा म्हणाला, हिरवा, मला चांगला आठवतो. दोघंही खात्रीनं बोलत होते.

राखाडीवरून रंग ओळखता येत नाही. लाल, हिरवा आणि निळा तिन्ही एकाच राखाडीत येऊ शकतात, फिकट-गडद कसे होते त्यावर अवलंबून. शिवाय त्या काळातली काळी-पांढरी फिल्म निळ्याला आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त दाद द्यायची, म्हणून आकाश कोरं पांढरं यायचं. म्हणजे मोरपंखी दार डोळ्याला गडद असलं तरी फोटोत फिकट येऊ शकतं. त्यामुळे आजींचं म्हणणं शक्य ठरलं, सिद्ध झालं नाही.

मग मुलालाच आठवलं की जुन्या फळ्यांतल्या दोन माळ्यावर आहेत, डबे ठेवायला. एक खाली काढली. कोपऱ्यात 'चार' आकडा कोरलेला होता. वरून करड्या ऑइलपेंटचा थर. मी मागच्या बाजूच्या कडेला, नखाएवढ्या जागेत, ब्लेडनं तिरकं खरवडलं. सरळ खरवडलं तर थर एकदम निघतात, तिरकं खरवडलं की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकाशेजारी एक दिसतात. करडा, खाली हिरवा, त्याखाली मोरपंखी, मग लाकूड. मायलेक दोघंही बरोबर होते, आपापल्या वर्षांचे. मुलाचा जन्म फोटोनंतरचा, म्हणून मोरपंखी त्याच्या आठवणीत असणं शक्यच नव्हतं. फोटोच्या वर्षी कुठला थर वर होता हे फळी सांगत नाही. पण आजी तेव्हा त्या दुकानात रोज डबा घेऊन जायच्या. मी मोरपंखी घेतला. सगळ्या चित्रात तेवढाच एक रंग, जलरंगाचा पातळ हात. बाकी सगळं काळ्या शाईत.

मूळ चित्र एक आणि भावंडं चार. मूळ आजींच्या घरी राहील, बाकी तिघांना छापील प्रती, असं ठरलं. प्रती सुती कागदावर, पिगमेंटच्या शाईत काढल्या. साध्या शाईच्या प्रती स्वस्त पडतात पण काही वर्षांत विटतात, आणि विटताना सगळे रंग सारखे विटत नाहीत. मोरपंखी बदलला असता तर इतक्या खटाटोपाला अर्थ उरला नसता.

फ्रेमवाल्याशी मात्र मी स्वतः बोलायला गेले. काच आणि कागद एकमेकांना टेकता कामा नयेत. त्यासाठी चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, घालतात. ती शोभेसाठी असते असं लोकांना वाटतं आणि पैसे वाचवायला तीच आधी काढून टाकतात. खरं काम आहे ते दोन-तीन मिलिमीटरच्या फटीचं. हवेतला दमटपणा काचेवर जमला तरी कागदाला लागत नाही. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित हवा, नाहीतर कडेनं पिवळी पट्टी येते. मूळ फोटोच्या फ्रेममध्ये ही फट असती, तर पुरात कागद भिजला असता, वाकडा झाला असता, पण काचेला चिकटला नसता. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून घेतले, म्हणजे भिंतीपासूनही अंतर राहील.

टांगायच्या दिवशी मला बोलावलं होतं. समोरच्या भिंतीवर दुपारनंतर ऊन येतं, म्हणून आतली भिंत निवडली. उंची किती, यावर थोरली म्हणाली चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवा. पण आजी दिवाणावर बसून असतात. म्हणून मध्य त्यांच्या डोळ्यांच्या थोडा वर घेतला. धाकटीनं ट्रंकेतून आजोबांची मापाची टेप आणली, साठ इंची, कापडाची, आकडे अर्धे पुसलेले. ती सुतारी टेपेशी ताडून पाहिली तर साठ इंचांत जवळजवळ अर्धा इंच सैलावलेली. आजी म्हणाल्या, "ह्यांना ठाऊक होतं. कमरेचं माप घेताना ते धरूनच चालायचे." खिळा त्याच टेपेनं मोजून मारला.

दिवाळीत आजींचे भाऊ इचलकरंजीहून आले. आता सत्तरी ओलांडलेले. फ्रेमसमोर उभे राहिले, आधी मेव्हण्यांकडे बघितलं, मग मागच्या काळोखाकडे. मला घरी फोन आला, त्यांना तुमच्याशी बोलायचंय. ते म्हणाले, "चित्र छान आहे हो ताई. पण मी हात मांडीवर ठेवून कधी बसलो असेन? मास्तर रागावले असते. मी सुईत दोरा ओवत असणार. आत दिसायचं नाही, म्हणून सुई अशी डोळ्यांसमोर, रस्त्याच्या उजेडाकडे धरायची."

मी लगेच मूळ स्कॅन उघडलं. चेहऱ्याजवळचा तो छोटा फिकट ठिपका. मी सोडून दिलेला. तो हात होता, वर उचललेला.

दुसऱ्या दिवशी फ्रेम खाली काढली. जाड, गुळगुळीत कागदावरची शाई पुसता येत नाही, पण ब्लेडच्या टोकानं खरवडता येते. हळूहळू, एकाच दिशेनं, कागदाचा भुगा फुंकत. मग खरवडलेली जागा बोटाच्या नखानं घोटून सपाट करायची, नाहीतर नवी शाई फुटते. मांडीवरचे हात काळोखात घातले. कपाळासमोर नखाएवढी जागा पांढरी केली आणि तिथं मूठ आली. मुठीच्या चिमटीतून खाली, केसाएवढी बारीक, एक रेघ.

पुण्याच्या, बंगळुरूच्या आणि कोल्हापूरच्या प्रती तोवर टांगल्या गेल्या होत्या. मी नव्या काढून देते म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. तिथं तो मुलगा अजून हात मांडीवर ठेवून बसलेला आहे. सांगलीच्या घरी तो सुई ओवतोय.